४ जीबी रॅमच्या फोनवर गेम मध्येच बंद पडतो, अडकतो? नवा फोन घेण्याआधी हे तपासा

माझा भाचा कळव्याला राहतो, अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे कोपरखैरण्याला आला आणि चपला काढता काढताच त्याने फोन माझ्या हातात दिला. "मामा, हा फोन गंडलाय. मॅच रंगात आली की बीजीएमआय आपोआप बंद होतो. दुकानदार म्हणाला, चार जीबीत हे असंच चालायचं, दुसरा घे."

फोन ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजचा, दोन वर्षं वापरलेला. ताईने हप्त्यावर घेतलेला आणि हप्ते नुकतेच फिटलेले. त्यामुळे 'दुसरा घे' हे मला पटेना. आम्ही दोघांनी चार संध्याकाळी बसून तो फोन तपासला, आणि आज त्याच फोनवर तो पूर्ण मॅच खेळतो. सगळंच सुधारलं असं नाही. जे सुधारणार नाही तेही खाली सांगितलं आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो. ४ जीबी रॅम एका मोठ्या गेमला पुरते, पण तो गेम आणि शिवाय बाकीचं सगळं एकाच वेळी, एवढ्याला पुरत नाही. आणि ज्याला आपण सरसकट 'रॅम कमी पडते' म्हणतो, त्यातल्या बऱ्याच तक्रारींचा रॅमशी संबंधच नसतो.

हे सगळं अँड्रॉइड फोनबद्दल आहे. आयफोन ११, १२ आणि १३ मध्येही ४ जीबीच रॅम आहे आणि ते हे गेम व्यवस्थित चालवतात. तिथली प्रोसेसरची ताकद आणि मेमरी सांभाळण्याची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे त्या आकड्याशी तुलना करत बसू नका.

काय काय लागेल

- फोन, निदान निम्मा चार्ज केलेला
- विंडोजचा कोणताही लॅपटॉप. तपासणीपुरता शेजाऱ्याचा आणला तरी चालतो
- डेटा जाणारी यूएसबी केबल. काही स्वस्त केबलमधून फक्त चार्जिंग होतं, लॅपटॉपला फोन दिसतच नाही. आमचा पहिला अर्धा तास यातच गेला
- गूगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर साइटवरून मोफत मिळणारं platform-tools. लॅपटॉपवरून फोनला विचारणा करणाऱ्या adb च्या कमांड यातूनच चालतात
- वही आणि पेन. कधी अडकलं, किती वाजता बंद पडलं, हे लिहून ठेवायला

लॅपटॉप नसेल तर २ आणि ३ या पायऱ्या आणि पुढे जिथे adb च्या कमांडने मोजलं आहे तेवढा भाग सोडून द्या, फक्त २ मध्ये सांगितल्याप्रमाणे डेव्हलपर ऑप्शन्स सुरू करून घ्या. बाकीचं सगळं नुसत्या फोनवर होतं.

## १. आधी दुखणं ओळखा

'गेम लॅग होतो' या एका वाक्यात पाच वेगळी दुखणी दडलेली असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं. म्हणून दोन-तीन मॅच फक्त निरीक्षणासाठी खेळा.

गेम काहीही न सांगता नाहीसा होतो. होम स्क्रीन दिसते, कुठलाही संदेश येत नाही आणि परत उघडलं की लोगोपासून सुरुवात. हे बहुतेक वेळा रॅमचं दुखणं असतं. पण गेम बंद होताना 'keeps stopping' असा संदेश आला, तर गेम स्वतः कोसळलेला असतो. अशा वेळी गेम अपडेट करा, तरीही होत असेल तर काढून पुन्हा टाका. काढण्याआधी लॉगिन कोणत्या खात्याने केलं आहे ते पाहून ठेवा. गेस्ट म्हणून खेळत असाल तर आधी खातं जोडा, नाहीतर सगळी प्रगती जाईल.

पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत चित्र सारखंच संथ. हा प्रोसेसरचा, त्यातही ग्राफिक्सच्या भागाचा दोष. रॅम मोकळी करून इथे काडीचाही फरक पडत नाही.

एरवी छान चालतं, पण मधूनच अर्धा सेकंद गोठतं. पॅराशूटने खाली उतरताना, नवीन वस्तीत शिरताना, गाडी वेगात असताना. त्या क्षणी गेम स्टोरेजमधून नवीन घरं, झाडं, भिंती उचलत असतो. स्टोरेज हळू असेल किंवा गच्च भरलेलं असेल, तर तेवढा वेळ हात थांबतो. रॅम तुडुंब असतानाही असंच होतं, कारण जागा करण्यासाठी फोन दुसऱ्या अॅपची मेमरी दाबून लहान करत बसतो.

पहिली पंधरा-वीस मिनिटं उत्तम, मग हळूहळू जड. फोन तापलाय. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो.

नेटवर्क. याला लोक हमखास फोनचा दोष समजतात. माझा भाचा क्लासला जाताना ठाणे-वाशी गाडीत खेळतो. ऐरोली सोडून गाडी रबाळ्याकडे निघाली की त्याचे शत्रू जागच्या जागी पळायला लागायचे आणि मग एकदम दहा पावलं पुढे दिसायचे. धावत्या गाडीत फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो, त्या वेळी असं होणारच.

नेटवर्क की फोन, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. अडकलं की लगेच बोटाने नजर गोल फिरवा. आजूबाजूचं दृश्य सुरळीत फिरलं आणि फक्त बाकीचे खेळाडू उड्या मारताना दिसले, तर दोष नेटवर्कचा. नजर फिरवतानाच चित्र तुटक आलं, तर दोष फोनचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिंग लाल दिसत असेल तर शंकाच नको.

भाच्याची वही भरली तेव्हा त्याच्या फोनला एक सोडून चार दुखणी निघाली. फक्त 'सारखं संथ' हे नव्हतं. म्हणजे प्रोसेसर ठीक होता, आणि म्हणूनच पुढची मेहनत करण्यात अर्थ होता.

## २. खरंच किती रॅम हाताशी आहे ते मोजा

फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' या भागात Build number वर सात वेळा टॅप करा. डेव्हलपर ऑप्शन्स सुरू होतील. त्यात USB debugging चालू करा, केबल लावा आणि फोनवर परवानगीचा प्रश्न येईल त्याला Allow म्हणा. मग लॅपटॉपवर platform-tools च्या फोल्डरमध्ये कमांडची खिडकी उघडून हे लिहा:

```
adb devices
adb shell cat /proc/meminfo
```

पहिल्या कमांडला उत्तर म्हणून unauthorized आलं, तर फोनवरचा तो परवानगीचा प्रश्न अजून तसाच पडून आहे. दुसऱ्या कमांडने मोठी यादी येते, त्यातल्या दोनच ओळी बघायच्या. आमच्याकडे अशा आल्या:

```
MemTotal:        3758412 kB
MemAvailable:    1094220 kB
```

१०,४८,५७६ ने भागलं की जीबी मिळतात. एकूण आकडा ४ नाही, साधारण ३.६ येतो. उरलेली मेमरी मोडेम, ग्राफिक्स आणि सिस्टिमच्या गाभ्यासाठी आधीच बाजूला काढलेली असते, त्यामुळे दुकानदाराने फसवलं असं समजू नका. दुसरी ओळ महत्त्वाची. नवीन अॅपला खरोखर देता येईल अशी मेमरी तिच्यात दिसते, आणि भाच्याच्या फोनमध्ये ती जेमतेम १ जीबी होती. शेजारी MemFree नावाची ओळ याहूनही लहान आकडा दाखवते, तिला घाबरू नका. रिकामी रॅम पडून ठेवण्यापेक्षा ती कशाला तरी वापरायची, ही अँड्रॉइडची पद्धतच आहे.

फोन बंद करून चालू केला, पाच मिनिटं हात न लावता ठेवला (सुरुवातीला सगळी अॅप जागी होतात, म्हणून थांबायचं) आणि पुन्हा मोजलं. आता १७,११,३०० केबी, म्हणजे १.६ जीबीच्या थोडं वर. मग गेम सुरू करून लॉबीत आणि मॅचमध्ये तो किती घेतो ते पाहिलं. कमांडमधलं शेवटचं नाव हे बीजीएमआयचं फोनमधलं नाव आहे:

```
adb shell dumpsys meminfo com.pubg.imobile
```

त्यात TOTAL PSS समोरचा आकडा मॅचमध्ये १.२ जीबीच्या आसपास होता. तुमच्या फोनवर, तुमच्या सेटिंगवर तो वेगळा येईल, पण हिशोब हाच. हातात १ आणि मागणी १.२, तर कुणाला तरी बाहेर जावं लागणार. हातात १.६ असेल तर गेम बसतो आणि थोडी जागाही उरते.

## ३. गेम का बंद पडला, ते फोनलाच विचारा

ही पायरी फार थोड्यांना माहीत आहे आणि आमचं कोडं हिनेच सोडवलं. अँड्रॉइड ११ पासून पुढे फोन प्रत्येक अॅप का संपलं याची नोंद ठेवतो. जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून गेम बंद पडला त्याच दिवशी बघा:

```
adb shell dumpsys activity exit-info com.pubg.imobile
```

फ्री फायर मॅक्ससाठी शेवटचं नाव com.dts.freefiremax असं लिहा. प्रत्येक नोंदीत वेळ असते, त्यापुढे reason आणि importance. या दोन शब्दांवर सगळी मदार आहे.

`reason=3 (LOW_MEMORY)` म्हणजे रॅम संपली म्हणून सिस्टिमने गेम मारला. `APP CRASH(EXCEPTION)` किंवा `APP CRASH(NATIVE)` म्हणजे गेम स्वतः कोसळला. `ANR` म्हणजे गेम इतका वेळ गोठला की त्याने प्रतिसादच दिला नाही. काही फोन रॅमचं कारण स्पष्ट लिहीत नाहीत, `SIGNALED` आणि पुढे status=9 एवढंच लिहितात. त्यावरून एकट्याने निष्कर्ष काढू नका, ती वेळ आणि तुमच्या वहीतली वेळ जुळवून बघा.

importance समोर १०० असेल तर गेम बंद पडला तेव्हा तो स्क्रीनवर होता, तुम्ही खेळत होता. ४०० असेल तर तो मागे गेलेला होता.

भाच्याच्या फोनमध्ये सात नोंदी मिळाल्या. एक APP CRASH(NATIVE), सहा LOW_MEMORY. त्या सहांपैकी पाच नोंदींसमोर ४०० होतं! मी त्याला विचारलं, "तू गेममधून बाहेर जातोस का?" तो ठामपणे नाही म्हणाला. मग वेळा जुळवल्या. सगळ्या रात्री नऊच्या पुढच्या. थोडा विचार करून तो म्हणाला, "अरे हो, लवकर मेलो की बाकीचे खेळत असतात, तेवढ्यात मी व्हॉट्सअॅप बघतो. किंवा आईचा फोन येतो."

म्हणजे गेम 'आपोआप' बंद होतच नव्हता. भाचा व्हॉट्सअॅपवर जायचा, तिथून कुणाचा तरी व्हिडिओ उघडायचा, व्हिडिओला रॅम लागायची. त्या क्षणी मागे पडलेल्यांत सगळ्यात जाडजूड कोण, तर गेम. अँड्रॉइड आधी मागच्यांना मारतो, समोरच्याला सगळ्यात शेवटी. परत येईपर्यंत गेम गेलेला. उरलेल्या एका नोंदीसमोर १०० होतं. त्या दिवशी त्याने स्क्रीन रेकॉर्डिंग लावलं होतं आणि मित्रांशी बोलायला व्हॉट्सअॅपचा ग्रुप कॉलही चालू ठेवला होता. ४ जीबीच्या फोनवर हे तिन्ही एकत्र जमणार नाही, कितीही सेटिंग बदला.

## ४. रॅम कशाने मोकळी होते आणि कशाने नाही

आधी जे आम्ही केलं आणि ज्याने आकडा हलला ते सांगतो.

खेळायला बसण्याआधी फोन रीस्टार्ट करायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. सगळ्यात साधा उपाय हाच आणि सगळ्यात मोठा फरकही यानेच पडला. त्यानंतर सतत मागे चालणारी अॅप काढून टाकली. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Running services नावाची यादी असते, तिथे कोण किती जागा अडवून बसलंय ते दिसतं. भाच्याच्या फोनमध्ये दोन 'क्लीनर', एक थीम बदलणारं लाँचर, एक बातम्यांचं आणि एक फोन कुणाचा ते सांगणारं अॅप होतं. पाचही काढली, फोन पुन्हा चालू केला आणि MemAvailable १.६ वरून १.८ जीबीपर्यंत गेलं.

मित्रांशी बोलायला गेमचाच माइक वापरायचा, वेगळा कॉल नको. रेकॉर्डिंग बंद. आणि मॅच सुरू असताना Do Not Disturb लावायचं. त्यात ठरावीक लोकांचे फोन येऊ देण्याची सोय असते, तिथे आईचा नंबर ठेवा. ताईने हे ऐकल्यावरच मला पुढे काम करू दिलं. तिचा फोन आला तर तो उचलायचा आणि गेम गेला तर जाऊ द्यायचा, असं आमचं ठरलं आहे.

आता सापळे.

क्लीनर आणि बूस्टर अॅप. बटण दाबलं की '८०० एमबी मोकळी केली' असं दाखवतात. मारलेली अॅप मिनिटभरात परत उठतात, उठताना प्रोसेसर आणि बॅटरी खातात, आणि क्लीनर स्वतः दिवसभर रॅममध्ये बसून राहतो तो वेगळाच. आमच्या यादीत पहिली दोन नावं त्यांचीच होती.

वाढीव रॅम. फोनच्या डब्यावर '४ + ४ = ८ जीबी' लिहिलेलं असतं ना, ती ही. दुसरे ४ जीबी म्हणजे स्टोरेजचा एक तुकडा, त्यावर रॅममधल्या न लागणाऱ्या गोष्टी उतरवून ठेवतात. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी पटीने हळू असतं. आम्ही दोन्ही करून पाहिलं. चालू असताना व्हॉट्सअॅपवर जाऊन परत आल्यावर गेम कधीकधी जिवंत सापडायचा, पण पॅराशूटने उतरताना गोठणं वाढायचं. बंद केल्यावर बरोब्बर उलट. खेळण्यासाठी मी ती बंद ठेवायला सांगेन. बदल केल्यावर बहुतेक फोन रीस्टार्ट मागतात, तो केल्याशिवाय तुलना करू नका.

डेव्हलपर ऑप्शन्समधलं Force 4x MSAA. 'हे चालू करा, गेम मक्खन चालेल' असा सल्ला व्हिडिओंमध्ये सर्रास देतात. या पर्यायाने कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून ग्राफिक्सवरचं काम वाढतं. ते बंदच हवं.

ग्राफिक्स बदलणारी बाहेरची टूल आणि सुधारित एपीके. गेमच्या फायलींमध्ये ढवळाढवळ झाली की खातं बंद होण्याची जोखीम असते. वर्षभराची मेहनत त्यावर लावू नका.

डेव्हलपर ऑप्शन्समधला Background process limit हा पर्याय मात्र तात्पुरता कामाचा आहे. तो एक किंवा दोन प्रोसेसवर आणला की मागे उरलेली अॅप लवकर बंद होतात. काही सूचना उशिरा येतील आणि फोन रीस्टार्ट केल्यावर तो आपोआप पूर्ववत होतो, म्हणून रीस्टार्टनंतर लावायचा.

## ५. स्टोरेजला श्वास घेऊ द्या

६४ पैकी फक्त २ जीबी रिकामे होते. शाळेच्या, क्लासच्या, सोसायटीच्या, गणपती मंडळाच्या अशा सगळ्या ग्रुपांचे व्हिडिओ साठलेले. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये Storage and data खाली Manage storage आहे, तिथे मोठ्या फायली आधी दिसतात. तासाभरात १४ जीबी रिकामे झाले आणि उतरतानाचं गोठणं स्पष्ट कमी झालं. ते पूर्ण जाणार नाही, कारण या किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये ईएमएमसी प्रकारचं स्टोरेज असतं आणि ते यूएफएसपेक्षा मुळातच हळू असतं.

दोन गोष्टी पाळा. प्ले स्टोअरचे अपडेट किंवा गेमचे नकाशे उतरत असताना खेळू नका. आणि गेम 'एचडी रिसोर्स पॅक' घ्यायला सांगेल, तो घेऊ नका. त्याने स्टोरेजही जातं आणि रॅमही.

## ६. गेममधली सेटिंग

बीजीएमआयमध्ये ग्राफिक्स Smooth ठेवा. सावल्या आणि अँटी-एलायझिंग बंद. रंगांची शैली हवी ती घ्या, तिचा भार नगण्य आहे. फ्रेम रेट एकदम वरचा निवडण्याचा मोह होतो. त्याऐवजी High वरून सुरू करा, आणि तिसऱ्या मॅचपर्यंत टिकत नसेल तर Medium वर या. कधी ४० आणि कधी १८ फ्रेम मिळण्यापेक्षा सलग २५ मिळाल्या तर नेम जास्त चांगला बसतो, हे भाच्याने स्वतः खेळून मान्य केलं. फ्री फायर मॅक्समध्येही ग्राफिक्स Smooth वर ठेवूनच सुरुवात करा.

डेव्हलपर ऑप्शन्समधलं Show refresh rate चालू करून त्याला फ्रेम रेट समजू नका. तो स्क्रीन किती वेळा ताजी होते याचा आकडा आहे. तिथे ६० दिसत असताना गेम २० फ्रेमवर रांगत असू शकतो.

## ७. उष्णता

आपल्याकडच्या दमट हवेत हा मुद्दा फार नडतो. भाचा चार्जर लावून, जाड कव्हर घालून, गादीवर पालथं पडून खेळायचा. तिसऱ्या मॅचनंतर मोजलं:

```
adb shell dumpsys battery
```

temperature समोर 438 आलं. शेवटच्या आकड्याआधी टिंब द्या, म्हणजे ४३.८ अंश. यूएसबीची केबल लावली की फोन थोडा चार्जही होत असतो, म्हणून मॅच संपल्यावर केबल जोडायची आणि लगेच वाचायचं. चार्जर काढला, कव्हर काढलं, ब्राइटनेस निम्मा केला आणि पंख्याखाली बसवलं. त्याच तीन मॅचनंतर ३९ च्या आसपास आणि शेवटी येणारा जडपणा गेला. फोन फ्रिजमध्ये ठेवून थंड करण्याचा उद्योग मात्र कुणी करू नका. बाहेर काढताच आपल्या हवेतली वाफ आतबाहेर पाणी होऊन बसते.

## ८. कोणत्या गेमची अपेक्षा ठेवायची

लुडो किंग, कँडी क्रश, सबवे सर्फर्स, क्लॅश ऑफ क्लॅन्स, क्लॅश रोयाल यांना ४ जीबी भरपूर झाली. लुडो किंग तर आपल्या नवी मुंबईतल्या गेमशन कंपनीचा, आणि तो साध्यातल्या साध्या फोनवर चालतो. फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय आणि कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल हे वरची शिस्त पाळली तर कमी ग्राफिक्सवर खेळता येतात. गेनशिन इम्पॅक्ट आम्ही टाकून पाहिला आणि त्याच रात्री काढला. स्टोरेज कित्येक जीबी खातो, आणि मोकळ्या मैदानात चालताना फोन सारखा अडखळतो. अशा मोठ्या, मुक्त नकाशाच्या गेमसाठी ४ जीबीचा फोन घेऊ नका.

फोन अजून घ्यायचाच असेल तर ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीला सेक्टर १७ मध्ये दुकानात उभे राहून फक्त रॅम विचारू नका. प्रोसेसरचं नाव विचारा. हेलिओ जी३५ मध्ये आठही कोअर जुन्या ए५३ प्रकारचे आहेत. हेलिओ जी८५ मध्ये दोन ए७५ आहेत आणि ग्राफिक्सचा भागही वरचढ आहे. दोन्ही ४ जीबीच्या फोनमध्ये वापरले गेले आहेत आणि खेळताना दोघांत खूप अंतर पडतं. दुसरं, स्क्रीन. ७२० × १६०० च्या स्क्रीनवर साडेअकरा लाख ठिपके असतात, १०८० × २४०० वर जवळपास २६ लाख. म्हणजे सव्वादोन पट. ४ जीबी आणि मध्यम प्रोसेसर असेल तर कमी ठिपक्यांची स्क्रीन गेमसाठी फायद्याची. तिसरं, स्टोरेज १२८ जीबी घ्या, कारण ६४ किती लवकर भरतं ते वर पाहिलंच. आणि बजेट थोडं वाढवता येत असेल, तर ते पैसे खऱ्या ६ जीबी रॅमवर घाला, '४ + ४' वर नको. डब्यावर अधिकचं चिन्ह दिसलं की त्याच्या डावीकडचा आकडाच तेवढा खरा.

## ९. तीन मॅचची परीक्षा, आणि मग डीबगिंग बंद

सगळे बदल झाल्यावर रीस्टार्ट करा, पाच मिनिटं थांबा आणि सलग तीन पूर्ण मॅच खेळा. एक किंवा दोन नकोत, कारण उष्णता तिसऱ्यातच कळते. त्याआधी बदल करताना मात्र एका वेळी एकच करा, नाहीतर कशाने फरक पडला ते समजणार नाही. तिन्हीनंतर exit-info पुन्हा वाचा. त्या वेळेत importance=100 ची LOW_MEMORY नोंद नसेल, तर रॅमचं दुखणं मिटलं. भाच्याच्या फोनवर सलग पाच मॅचमध्ये अशी एकही नोंद आली नाही. गेम सोडून दुसऱ्या अॅपमध्ये दोन-तीन मिनिटं काढली तर मात्र तो अजूनही लोगोपासून सुरू होतो, आणि या फोनवर तो तसाच होणार.

काम झाल्यावर USB debugging आणि डेव्हलपर ऑप्शन्स दोन्ही बंद करा. काही बँकांची अॅप ती चालू असताना उघडतच नाहीत. ताईने दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला पैसे पाठवायला तोच फोन घेतला, तिच्या बँकेचं अॅप काही केल्या सुरू होईना, आणि मला फोनवरून तिला तो पर्याय शोधून द्यावा लागला.